सावोना मार्गे मिलान

इटलीतला एक अगदी साधा पत्ता घेऊ: `Via Savona 35, 20144 Milano`. मिलान शहराच्या नैर्ऋत्येला सावोना नावाचा एक रस्ता आहे, त्यावरचे ३५ क्रमांकाचे घर, एवढाच त्याचा अर्थ. पण हीच ओळ पुण्या-मुंबईतल्या एखाद्या कचेरीत मराठी कागदावर उतरते, तेव्हा तिचे ‘व्हाया सावोना, मिलान’ असे रूपांतर होऊ शकते. कोणी अधिक शुद्ध मराठी लिहिणारा असेल तर तो ‘सावोना मार्गे मिलान’ असे लिहितो. एसटीच्या पाटीवर ‘व्हाया’ वाचत आलेल्या डोळ्यांना यात काही खटकत नाही. शिवाय सावोना नावाचे शहर लिगुरियाच्या किनाऱ्यावर खरोखरच आहे, त्यामुळे नकाशा उघडून पाहणाऱ्याचीही खात्री पटते. रस्त्याचे नाव प्रवासाचा टप्पा होऊन बसते आणि पत्त्यातून रस्ताच नाहीसा होतो.

दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे. लॅटिनमध्ये ‘व्हिआ’ म्हणजे वाट. त्याच शब्दाचे ‘या वाटेने’ अशा अर्थाचे रूप इंग्रजीत गेले आणि तिथून ‘व्हाया’ होऊन मराठीत आले. इटालियनमध्ये मात्र मूळ नामच राहिले, उच्चार ‘वीआ’, अर्थ रस्ता. म्हणून इटालियन पत्ता देवनागरीत लिहिताना ‘वीआ सावोना’ असे लिहावे आणि व्हाया, मार्गे, मार्फत हे शब्द कटाक्षाने टाळावेत.

अशी रूपांतरे करण्याची वेळ बऱ्याचदा येते. मिलान किंवा तोरिनोच्या तंत्रविद्यापीठात शिकणारा मराठी विद्यार्थी गावाकडच्या जमिनीसाठी भावाला मुखत्यारपत्र करून देतो. वारसनोंदीच्या अर्जात परदेशी राहणाऱ्या बहिणीचा पत्ता मराठीत लागतो. उलट दिशेने, इटलीतल्या नगरपालिकेच्या रहिवासी नोंदणीत पुण्याचा मूळ पत्ता इटालियन रकान्यांत बसवावा लागतो. कागदावर तो पत्ता वर्षानुवर्षे निमूट पडून राहतो. मग एखाद्या दिवशी त्याच पत्त्यावर नोटीस जाते, आणि तेव्हाच कळते की तो पत्ता पोहोचवण्याच्या कामाचा नव्हता.

याचे कारण समजण्यासाठी पाकिटावरचा पत्ता कोण वाचतो हे पाहावे लागते. पुण्यात टाकलेले इटलीचे पत्र भारतातल्या टपाल कर्मचाऱ्याच्या हाती येते, तेव्हा तो फक्त शेवटची ओळ वाचतो: देशाचे नाव. वरच्या ओळींशी त्याला कर्तव्य नसते. पत्र इटलीत उतरले की तिथले वर्गीकरण यंत्र देशाच्या वरची ओळ, म्हणजे टपाल क्रमांक आणि शहर, वाचते. त्याच्या वरची ओळ मिलानच्या त्या भागातला पोस्टमन वाचतो. आणि सर्वांत वरच्या ओळी तो इमारतीच्या दारात उभा राहून वाचतो. पत्ता असा खालून वर, एकेका वाचकासाठी एकेक ओळ, वाचला जातो. यातला एकच वाचक पाठवणाऱ्याच्या देशातला असतो. बाकी सगळे पोहोचण्याच्या देशातले असतात.

१८७४ साली स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघटनेचे नियमही याच तत्त्वावर आधारलेले आहेत. परदेशी टपालावरचा पत्ता रोमन अक्षरांत आणि रोमन लिपीबरोबर चालणाऱ्या 1, 2, 3 या अंकांत लिहावा, देशाचे नाव पाठवणाऱ्या देशात समजेल अशा भाषेत असावे, आणि पोहोचण्याच्या देशाची लिपी वेगळी असेल तर त्या लिपीतही पत्ता जोडणे चांगले, असे ते सांगतात. म्हणजे पुण्याला येणाऱ्या पत्रावर रोमनबरोबर देवनागरीतही पत्ता असला तर पोस्टमनला सोयीचेच होते. मिलानला जाणाऱ्या पत्रावर मात्र देवनागरी वाचणारा कोणीच नसतो.

म्हणून या कामात एकाच पत्त्याच्या दोन प्रती मानाव्या लागतात. एक वितरणाची प्रत. ती पोहोचण्याच्या देशाच्या रीतीने, त्याच ओळींत, त्याच क्रमाने लिहायची आणि तिच्यातले अक्षरही भाषांतरित करायचे नाही. दुसरी वाचनाची प्रत. ती मराठी कागद वाचणाऱ्याला पत्त्याचा अर्थ कळावा म्हणून असते, तिच्यात ‘तिसरा मजला’, ‘सदनिका’, ‘टपाल क्रमांक’ असे शब्द मोकळेपणाने वापरता येतात. मराठी दस्तात दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या की पुढच्या चुका जवळजवळ टळतात. वाचनाच्या प्रतीवरून पुन्हा पाकीट लिहिले की गोंधळ सुरू होतो, कारण देवनागरीतून रोमनमध्ये परत जाण्याची वाट तीच राहत नाही. नेपल्समधल्या `Via Chiaia` चा उच्चार ‘किआया’ आहे. इटालियनमध्ये ch चा उच्चार ‘क’ होतो. ज्याला हे ठाऊक आहे तो ‘किआया’ लिहील, ज्याला नाही तो ‘चिआइया’ लिहील, आणि दोन वर्षांनी पाकीट लिहिणारा पहिल्यावरून Kiaya आणि दुसऱ्यावरून Chiaiya तयार करील. चारांपैकी कोणाचाही हेतू वाईट नसतो, पण नावाचे मूळ स्पेलिंग हरवलेले असते.

वीआ हा इटालियन पत्त्यातला एकमेव रस्तावाचक शब्द नाही. व्हियाले, कोर्सो, पियात्सा, लार्गो, विकोलो असे कितीतरी शब्द त्या जागी येतात. वाचनाच्या प्रतीत व्हियालेला झाडांचा रुंद रस्ता, पियात्साला चौक, विकोलोला बोळ म्हणायला हरकत नाही. पण हे शब्द केवळ सजावटीचे समजून गाळणे महागात पडते. रोममध्ये इटलीचे पहिले पंतप्रधान कावूर यांच्या नावाचा रस्ताही आहे आणि चौकही. वीआ कावूर मुख्य रेल्वे स्थानकाच्या बाजूला आहे, त्याचा टपाल क्रमांक 00184. पियात्सा कावूर तिबेर नदीच्या पलीकडे, त्याचा क्रमांक 00193. ‘कावूर 12, रोम’ एवढेच कागदावर राहिले तर नदीच्या कोणत्या काठावर जायचे हे पोस्टमनला ठरवता येत नाही. पुण्या-मुंबईत ‘गांधी’ एवढ्याच शब्दावर पत्र पाठवण्यासारखेच ते आहे.

रस्त्याच्या नावातल्या तारखा हा याहून नाजूक भाग. रोममध्ये भारताचा दूतावास `Via XX Settembre 5, 00187 Roma` या पत्त्यावर आहे. इथले XX म्हणजे रोमन आकड्यातले वीस. २० सप्टेंबर १८७० रोजी इटालियन सैन्य रोममध्ये शिरले, त्या दिवसाची आठवण म्हणून रस्त्याला हे नाव मिळाले. बोलताना ‘वीआ व्हेन्ती सेत्तेम्ब्रे’ असे म्हणतात. मराठी प्रतीत याचे ‘एक्स एक्स सेटेम्ब्रे’ केले तर वाचणाऱ्याला अर्थबोध होत नाही. ‘२० सप्टेंबर मार्ग’ केले तर अर्थ कळतो, पण त्यावरून पाकीट लिहिणारा `20 September Road` लिहितो आणि त्या नावाचा रस्ता रोमच्या सूचीत नाही. तिसरी चूक सर्वांत वाईट: टंकलेखक तो भाग तारीख समजून पत्त्यातून उचलतो आणि दिनांकाच्या रकान्यात टाकतो. ४ नोव्हेंबर आणि २५ एप्रिल या तारखांचे रस्तेही इटलीभर आहेत, IV Novembre आणि XXV Aprile असे लिहिलेले. पत्त्यात महिन्याचे नाव दिसले की तो रस्ता असण्याची शक्यता आधी तपासावी.

रस्त्यानंतर येतो चीव्हिको, म्हणजे घरक्रमांक. पूर्ण नाव ‘नूमेरो चीव्हिको’. तो नेहमी रस्त्याच्या नावामागून येतो. मराठीत ‘३५, टिळक रस्ता’ अशी सवय असल्यामुळे तो उचलून पुढे आणण्याचा मोह होतो. तो मोह आवरावा, कारण पुढे आणलेला आकडा सदनिकेचा समजला जाऊ शकतो. चीव्हिको हा रस्त्यावरच्या दाराचा क्रमांक आहे. साधारणपणे एका बाजूला विषम आणि दुसऱ्या बाजूला सम क्रमांक असतात, त्यामुळे 35 आणि 36 समोरासमोर असतीलच असे नाही, कधी कधी त्यांच्यात बरेच अंतर पडते.

चीव्हिकोला चिकटलेले अक्षर हा क्रमांकाचाच भाग असतो. 35/A हे दार 35 पेक्षा वेगळे असते. फ्लोरेन्समध्ये तर परंपरेने एकाच रस्त्यावर दोन क्रममालिका चालत आल्या आहेत: घरांसाठी काळे किंवा निळे आकडे आणि दुकानांसाठी लाल. लाल क्रमांक लिहिताना आकड्यापुढे r लावतात, ‘रोस्सो’ म्हणजे लाल या शब्दाचा तो पहिला वर्ण. 12r हे दुकान आणि 12 हे घर एकमेकांपासून लांब असू शकतात. मराठी नोंदीत तो एकटा r छपाईचा दोष समजून गाळला जातो आणि दुकानाचे पत्र भलत्याच घरी जाते. तिरक्या रेघेचेही असेच आहे. जेनोवात 12/7 म्हणजे १२ क्रमांकाच्या दारातली सातवी सदनिका असा वापर रूढ आहे. अन्यत्र रेघेपुढचा वर्ण वेगळे दार दाखवतो. मुंबईत B/204 म्हणजे बी विंगमधली २०४ क्रमांकाची सदनिका. एकच खूण तीन ठिकाणी तीन अर्थ देते, म्हणून तिचा अर्थ लावून ‘सदनिका ७’ असे लिहिण्यापूर्वी ज्याचा पत्ता आहे त्यालाच विचारावे आणि वितरणाच्या प्रतीत रेघ जशीच्या तशी ठेवावी.

व्हेनिसमध्ये रस्त्याचे नाव पत्त्यात बहुधा नसतेच. शहराचे सहा भाग आहेत, त्यांना सेस्तिएरे म्हणतात, आणि घरक्रमांक रस्त्यावर न चालता संपूर्ण भागातून वळणे घेत हजारांपर्यंत जातो. का फोस्कारी विद्यापीठाचा पत्ता `Dorsoduro 3246, 30123 Venezia` असा आहे: दोर्सोदुरो हा भाग, 3246 हा क्रमांक. इटलीतल्या इतर शहरांची सवय असलेला माणूस इथे ‘वीआ’ शोधत बसतो, पुणेकराला मात्र ही रीत घरची वाटेल. ‘१२३४, सदाशिव पेठ’ या पत्त्यातही गल्लीचे नाव नसते, क्रमांक पेठेचा असतो. म्हणून दोर्सोदुरोचे मराठीतले सर्वांत चपखल स्पष्टीकरण ‘पेठ’ हेच आहे. उलट दिशेने, पुण्याची पेठ इटालियन माणसाला समजावायची तर ‘सेस्तिएरेसारखी’ एवढे म्हटले की पुरते. दोन्ही शहरांचे पत्ते ‘रस्ता’ नावाच्या सक्तीच्या रकान्यात अडकतात, आणि दोन्हीकडे उपाय एकच: रस्त्याच्या जागी भागाचे नाव लिहावे, नवा रस्ता जन्माला घालू नये.

आता इमारतीच्या आत. स्काला म्हणजे जिना. मिलान किंवा रोममधल्या मोठ्या निवासी इमारतींत रस्त्यावर एकच दार असते, आत चौक असतो आणि चौकातून दोन-चार वेगवेगळे जिने वर जातात. प्रत्येक जिन्याला अक्षर किंवा आकडा दिलेला असतो: स्काला A, स्काला B. त्या जिन्याने फक्त त्याच्याच सदनिकांकडे जाता येते. मुंबईच्या भाषेत याचे काम ‘विंग’ करते, तेव्हा वाचनाच्या प्रतीत ‘बी विंग’ किंवा ‘बी जिना’ दोन्ही चालतील. वितरणाच्या प्रतीत मात्र `Scala B` हेच हवे. तिथे Wing B लिहिले तर इटालियन पोस्टमनला तो परक्या भाषेतला शब्द, आणि Staircase B लिहिले तर थोडा अंदाज, पण दारावरच्या पाटीवर शब्द ‘स्काला’ असतो. मिलानच्या पत्त्यात ‘स्काला’ दिसला की तो तिथल्या प्रसिद्ध संगीतनाट्यगृहाचा उल्लेख समजण्याचीही चूक घडू शकते. त्या नाट्यगृहाचे नाव त्या जागी पूर्वी असलेल्या चर्चवरून आले आहे, इमारतीतल्या जिन्याशी त्याचा काही संबंध नाही.

जिन्यानंतर पियानो, म्हणजे मजला, आणि इंतेर्नो, म्हणजे सदनिका. मजल्याची मोजणी मराठी माणसाच्या सवयीचीच आहे: तळमजला वेगळा, त्याच्यावरचा पहिला. इंतेर्नोच्या आकड्यात मात्र मजला दडलेला नसतो. मुंबईत २०४ म्हटले की दुसरा मजला हे सांगावे लागत नाही. इंतेर्नो 11 वरून तसे काही कळत नाही, तो बहुतेक ओळीने दिलेला अनुक्रम असतो. म्हणून ‘सदनिका 11’ वाचून कोणी आपल्या मनाने ‘पहिला मजला’ लिहू नये, आणि पियानो गाळूही नये.

या सगळ्यापेक्षा एक गोष्ट मराठी वाचकाला अनपेक्षित वाटेल. इटलीत पत्र शेवटच्या दहा पावलांत आकड्यांवर चालत नाही, नावावर चालते. इमारतीच्या दाराशी बेलच्या फलकावर आणि आत टपालपेट्यांच्या रांगेवर आडनावे असतात. पोस्टमन पाकिटावरचे आडनाव पेटीवर शोधतो. ते नसेल तर रस्ता, चीव्हिको, स्काला, इंतेर्नो सगळे बरोबर असूनही पत्र परत जाऊ शकते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे हमखास घडते, कारण पेटीवर घरमालकाचे किंवा आधीच्या भाडेकरूचे आडनाव असते. त्यासाठी इटालियनमध्ये ‘प्रेस्सो’ हा शब्द आहे, मराठीतल्या ‘द्वारा’चा सख्खा भाऊ. पेटीवर फेरारी असे नाव असेल आणि जोशी तिथे राहत असेल, तर जोशीच्या खालच्या ओळीत `Presso Ferrari` लिहायचे. मराठी पत्त्यात ‘द्वारा’ ही औपचारिकता वाटून गाळली जाते. इटलीत अनेकदा सगळा पत्ता तिच्यावर तोललेला असतो.

आता आरंभीचा पत्ता पूर्ण करता येतो. नमुना म्हणून असे धरू की जोशी आडनावाची विद्यार्थिनी ३५ क्रमांकाच्या इमारतीत, बी जिन्याने तिसऱ्या मजल्यावर, फेरारींच्या ११ क्रमांकाच्या सदनिकेत राहते. भारतातून टाकायच्या पाकिटावरची वितरणाची प्रत अशी:

```
A. JOSHI
PRESSO FERRARI
SCALA B PIANO 3 INTERNO 11
VIA SAVONA 35
20144 MILANO MI
ITALY
```

इमारतीच्या आतला तपशील रस्त्याच्या वर गेला आहे हे पाहण्यासारखे आहे. इटालियन टपालाच्या रीतीत तो रस्त्याच्या ओळीच्या वर येतो, म्हणजे खालून वर वाचणाऱ्याला देश, शहर, रस्ता, जिना, माणूस असा आत आत जाणारा क्रम मिळतो. शहरापुढचे MI हे दोन वर्ण मिलान प्रांताचे. मोठ्या शहरासाठी ते अनावश्यक वाटतील, पण छोट्या गावासाठी ते निर्णायक ठरतात: कास्त्रो नावाचे एक गाव उत्तरेला बेर्गामो प्रांतात आहे आणि दुसरे दक्षिणेच्या टोकाला लेच्चे प्रांतात. त्यांच्यात BG आणि LE एवढाच फरक. महाराष्ट्रात वडगाव म्हटल्यावर तालुका-जिल्हा विचारावा लागतो, त्यातलाच हा प्रकार. हीच माहिती मराठी दस्तात वाचनासाठी अशी लिहिता येईल: ‘अ. जोशी, द्वारा फेरारी, वीआ सावोना या रस्त्यावरील घर क्र. ३५, बी जिना, तिसरा मजला, सदनिका ११, मिलान, टपाल क्रमांक २०१४४, इटली.’ त्याखाली रोमन प्रत जशीच्या तशी.

त्या वाक्यातले देवनागरी आकडे दस्तापुरतेच ठेवावेत. पाकिटावर ते कधीही जाऊ नयेत. देवनागरीतला १ इटालियन डोळ्यांना 9 दिसतो आणि ४ हा 8 सारखा. म्हणजे २०१४४ हा क्रमांक 20988 असा वाचला जाण्याचा संभव आहे. त्या क्रमांकाचा मिलानशी संबंध उरत नाही. मिलानजवळच्या मोंझा शहराचा क्रमांक 20900 आहे, म्हणजे पहिले तीन अंक पाहणारा पत्र तिकडे वळवील. उलट दिशेचा धोका हस्ताक्षराचा आहे. इटलीत हाताने लिहिलेल्या 1 ला वर लांब तिरकी रेघ असते आणि 7 च्या पोटात आडवी. ही खूण ठाऊक नसेल तर भारतीय वाचक इटालियन 1 ला सरळ 7 म्हणतो. हस्तलिखितावरून उतरवताना पोटात रेघ नसलेला सात दिसला तर तो एक आहे का, हे पाहावे.

इटलीचा टपाल क्रमांक, ज्याला तिथे ‘काप’ म्हणतात, १९६७ साली सुरू झाला. तो पाच अंकी. भारताचा पिन १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा, सहा अंकी. संस्कृत कवी आणि टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ती कल्पना. दोन्ही क्रमांकांचे काम सारखेच, पण त्यांची लांबी आणि जागा वेगळी. काप शहराच्या आधी येतो, पिन शहराच्या नंतर. संगणकावरचे अर्ज एकाच देशाच्या सवयीने बांधलेले असतात आणि तिथे माणूस नाइलाजाने आकड्याशी खेळ करतो. भारतीय अर्जाला सहा अंकच हवे असतात, म्हणून 20144 पुढे एक शून्य जोडून 201440 केले जाते. 201 ने गाझियाबाद-नोएडा परिसरातले पिन सुरू होतात. इटालियन अर्ज पाचच अंक घेतो, म्हणून 411030 चा शेवटचा शून्य कापून 41103 राहतो. इटलीत 41 ने मोदेना प्रांत सुरू होतो. देशाची ओळ शाबूत असेल तर अशी पत्रे कशीबशी वाटेला लागतात. ती पुसट झाली की आकडाच देश ठरवतो. अशा वेळी रकान्यात आकडा ताणण्याऐवजी खरा क्रमांक शहराच्या नावाला जोडून लिहावा: शहराच्या जागी `PUNE 411030`, आणि प्रांताच्या दोन अक्षरांच्या रकान्यात EE, जे इटालियन सरकारी नमुन्यांत परदेशासाठी वापरतात.

रोमचे क्रमांक शून्याने सुरू होतात आणि तिथे वेगळीच गंमत नसलेली अडचण उभी राहते. तक्ता करणाऱ्या संगणक प्रणालीत 00187 टाकले की ती त्याला संख्या समजून 187 करते. पेरुजा आणि काल्यारी या शहरांचेही असेच होते, कारण त्यांचे क्रमांक 06 आणि 09 ने सुरू होतात. तो रकाना आधीच ‘मजकूर’ म्हणून ठरवून ठेवला तर शून्ये टिकतात. एखाद्या यादीत इटलीचा तीन किंवा चार अंकी टपाल क्रमांक दिसला तर पुढची शून्ये गळाली आहेत हे निश्चित समजावे. जुन्या कागदांत मिलानसाठी 20100 किंवा रोमसाठी 00100 आढळतो. हे सर्वसाधारण क्रमांक मोठ्या शहरांसाठी रद्द झाले आहेत. आता रस्त्यानुसार क्रमांक लागतो.

पुण्याचा पत्ता इटालियन कागदावर जातो तेव्हा मोह उलटा असतो. अधिकृत भाषांतरकार ‘मारुती मंदिरामागे’ याचे प्रामाणिकपणे इटालियन करतो. कागद वाचणाऱ्या इटालियन कारकुनाला त्यातून चित्र दिसते, पण पत्र शोधणारा सदाशिव पेठेतला पोस्टमन इटालियन वाचत नाही. इटालियन पत्त्यात अशा खुणांना जवळजवळ स्थान नाही, म्हणून काही भाषांतरकार त्या गाळतात. तेही चुकीचे, कारण पेठेत मारुती मंदिर हीच खरी पाटी असते. वितरणाच्या प्रतीत ती रोमन अक्षरांत पण मराठीच्या अंगाने ठेवावी:

```
A. JOSHI
204, B WING
1234 SADASHIV PETH
MARUTI MANDIRAMAGE
PUNE 411030
INDIA
```

शेवटून दुसऱ्या ओळीत पिन शहरामागेच राहिला आहे. तो इटालियन रीतीने पुढे आणू नये. भाषांतराच्या प्रतीत B Wing ला ‘स्काला B’ म्हणायला हरकत नाही, पाकिटावर नाही.

खेड्याच्या पत्त्यात ‘मु. पो.’ ही जोडी सर्वांत जास्त अडते. ती एकत्र लिहिलेली असली की गाव आणि टपाल कचेरी एकच. ‘मु.’ आणि ‘पो.’ वेगळे लिहिलेले असतील तर माणूस एका गावी राहतो आणि कचेरी दुसऱ्या गावी आहे. इटालियन नमुन्यात कोमूने आणि प्रोविन्चा असे दोन रकाने असतात, आणि फ्राझिओने म्हणजे कोमूनेच्या हद्दीतली वाडी. जिल्ह्याला प्रोविन्चाची जागा मिळू शकते. पण तालुक्याला कोमूने म्हटले तर पत्ता बिघडतो, कारण कोमूनेची नगरपालिका आणि महापौर असतो, तालुक्याचे तसे नाही. कोमूनेच्या जागी गाव लिहावे आणि ‘ता.’ व ‘पो.’ ही रोमन लिपीत `TAL.` व `POST` अशी जशीच्या तशी शेजारी ठेवावीत. पिन ज्या टपाल कचेरीचा आहे तिचेच नाव ‘पो.’ नंतर आहे ना, हे एकदा पाहिले की पुढचे काम त्या कचेरीचा पोस्टमन करतो.

पत्र परत आलेच, तर पाकीट फेकू नये. कुठली ओळ मोडली हे त्यावरच्या शेऱ्यात लिहिलेले असते. इटलीहून परतलेल्या पाकिटावर ‘इनेझिस्तेन्ते’ असेल तर तसा रस्ता किंवा तो चीव्हिको अस्तित्वात नाही: तिथे नाव भाषांतरित झाले का, तारखेचा रस्ता बिघडला का, r गळाला का, ते तपासावे. ‘इन्सुफिचेन्ते’ म्हणजे पत्ता अपुरा: बहुधा चीव्हिको किंवा स्काला राहिले आहे. ‘स्कोनोशूतो’ म्हणजे अनोळखी: दार बरोबर सापडले, पेटीवर नाव सापडले नाही, तेव्हा प्रेस्सोची ओळ जोडावी. ‘त्रास्फेरीतो’ म्हणजे घर बदलले, त्यावर लेखनातला उपाय नाही. भारतातून परतलेल्या पाकिटावरचा ‘अपूर्ण पत्ता’ हा शेरा बहुतेक वेळा गाळलेल्या खुणेकडे किंवा कापलेल्या पिनकडे बोट दाखवतो. आणि पाकिटावर भलत्याच देशाचा किंवा प्रांताचा शिक्का असेल, तर वरच्या ओळी वाचण्याआधी आकडा अंकाअंकाने मोजावा.